निरोपपत्राला दहापैकी सहा

१३ मार्च, गुरुवार. पाणी सकाळी वेळेवर आलं. शाळेत दोन तास घेतले, कपाटाची किल्ली परत केली. चार वाजता औषधवाला आला. चहा घेतला, साखर दोन चमचे. परवाच्या माझ्या निवृत्तीच्या समारंभाचं निरोपपत्र दाखवायला आणलं होतं.

गणिताच्या बाईंच्या डायरीतला हा औषधवाला म्हणजे त्यांचा वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. कोपऱ्यावर त्याचं औषधांचं दुकान होतं, पण बाईंसमोर तो अजून खुर्चीच्या कडेवरच बसायचा.

"सगळ्यांसमोर वाचायचंय, म्हणून आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं. थट्टा आहे, बाई. लागायला नको."

"लिहिलं कुणी?"

"सत्तावीस जणांनी एकेक आठवण पाठवली. शिवणवालीने कापून जोडली."

शिवणवाली त्याच्याच वर्गातली. कात्री तिच्याच हाती द्यायची, हे सगळ्यांना मान्य होतं. तिने सुरुवातीलाच बजावलं होतं: चिडवायचं ते बाईंच्या सवयीवरून, दिसण्यावरून किंवा वयावरून नाही. आणि जी आठवण समजावून सांगावी लागते, तिला पहिली कात्री.

बाईंनी चष्मा पुसला आणि कागद उघडला.

"विषय: बाई. वेळ: आयुष्यभर. सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक. पर्याय नाहीत, कधीच नव्हते.

प्रश्न १. बाई रोज चाळीस गणितं देत. एका गणिताला तीन मिनिटं लागली, तर मुलगा खेळायला केव्हा जाईल? (सूचना: जाणार नाही.)

प्रश्न २. एका मुलाला ताप आला. बाई त्याला बघायला गेल्या. त्यांच्या पिशवीत फळं किती आणि वह्या किती?

प्रश्न ३. सुट्टीतली तीनशे गणितं चार भावंडांनी वाटून घेतली. वहीत चार तऱ्हेची अक्षरं उमटली. बाईंना ते पकडायला किती सेकंद लागले?"

खाली सत्तावीस सह्या.

"चाळीस कुठून काढलेस?" बाई म्हणाल्या.

"आठवतंय तसं लिहिलं."

"आठवणीवर गणित सोडवतात का?"

बाई कपाटाशी गेल्या. तिथे चौतीस वर्षांच्या डायऱ्या ओळीने लावलेल्या होत्या. दूध किती आलं इथपासून गृहपाठ किती दिला इथपर्यंत रोजची नोंद. पंचवीसच्या वर आपण कधी गेलो नाही, याची त्यांना खात्री होती. त्या वर्षाची डायरी काढून त्यांनी पंधरा-वीस पानं चाळली आणि ती हळूच मिटली.

"किती निघाली, बाई?"

"पत्रात सेहेचाळीस कर."

औषधवाल्याने खाली बघून कप उचलला. कप रिकामाच होता.

बाईंनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. प्रश्न संपले की थेट सह्या. गणितं केली, खेळ बुडाला, संपलं. इतक्या वर्षांनी यांच्या लक्षात राहिला तो एवढाच छळ? हे विचारायचं कसं? मागून घेतलेलं कौतुक म्हणजे आपल्याच हाताने थोपटलेली आपली पाठ. शेवटी त्यांनी लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं: ६/१०. उत्तर अपूर्ण. शेवटची पायरी दाखवलेली नाही. पुन्हा लिहून आणा.

"बाई, हे तुमचंच निरोपपत्र आहे," औषधवाला म्हणाला.

"मग? माझं आहे म्हणून अर्धवट चालेल?"

शनिवारी पाच वाजता शाळेचं सभागृह भरलं. शिवणवाली वाचायला उभी राहिली. तापाच्या प्रश्नाला मागून कुणीतरी ओरडलं, "फळ एक, वह्या दोन!" आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या तिसऱ्या प्रश्नानंतरची वाट बघत होत्या.

"शेवटची पायरी," शिवणवालीने वाचलं. "ही आम्ही लिहून गाळली होती, कारण वाचताना माझा आवाज जातो. रोज सेहेचाळीस गणितं, वर्गात बेचाळीस मुलं. म्हणजे एक हजार नऊशे बत्तीस. ती दुसऱ्या दिवशी तपासून मिळायची. चुकीवर नुसती फुली नसायची, चूक कुठे झाली ते लिहिलेलं असायचं. आम्ही खेळायला गेलो नाही, पण बाई, तुम्ही तरी कुठे गेलात? आज औषधवाला गोळ्या दोनदा मोजतो. मी कापड दोनदा मापल्याशिवाय कात्री लावत नाही. म्हणून उत्तर..."

आवाज गेलाच. औषधवाल्याने कागद घेऊन पुरं केलं, "उत्तर: आम्ही तुमचे ऋणी आहोत."

बाई बोलायला उठल्या. बराच वेळ चष्माच पुसत राहिल्या.

"दहापैकी नऊ," त्या कागद हातात घेऊन म्हणाल्या.

"एक कशाला कापला, बाई?"

"समास सोडलेला नाही."

मग सत्तावीस जण रांगेत आले. प्रत्येकाच्या हातात एक वही होती. तेव्हा बुडवलेला गृहपाठ प्रत्येकाने आता पुरा करून आणला होता. फुलं कुणीच आणली नव्हती. बाईंनी पहिली वही तिथेच उघडली, दुसरं गणित चुकलेलं दिसलं आणि त्यांनी पेनासाठी पर्स चाचपली. औषधवाल्याने वह्या रिक्षात चढवून घरी पोचवल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी डायरीत लिहिलं: जेवणाच्या टेबलावर वह्या आहेत. ओट्याशी उभ्यानेच जेवले.