तो नक्की कुणाचा माणूस

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसात परदेशी पाठवलेल्या माणसांची कामं माझ्याकडे होती. व्हिसा, घर, पीएफ, परतीचा प्रवास. त्या सकाळी जे. पी. नगरहून बसने येत असतानाच जर्मनीतून एका इंजिनिअरचा फोन आला. तो मूळचा बेळगावचा, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच चालायचं.

"मॅडम, मी नक्की कुणाचा माणूस, तेवढं सांगा की."

आमच्या कंपनीने त्याला तिथल्या आमच्याच उपकंपनीत डेप्युटेशनवर पाठवलं होतं. ते काम आता गुंडाळायचं ठरलं होतं. तिथला व्यवस्थापक त्याला म्हणाला होता, प्रकल्प संपला की आमचा करार संपला, तू तुझ्या कंपनीकडे जा. त्याने इकडे आपल्या विभागप्रमुखांना विचारलं, तर ते म्हणाले, तू तिथला करार केलास, आता तू त्यांचा. बायकोला सातवा महिना लागत होता. विमानात बसू देतील ते दिवस सरत चालले होते.

मी ऑफिसात पोचून विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. ते खडूस नव्हते, पण त्या इंजिनिअरची इथली जागा त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकली होती.

"नंतरचा करार आधीच्याला रद्द करतो," ते म्हणाले. "त्याने तिकडे सही केली आहे."

"ती सही तिथल्या कामाच्या वेळा, सुट्ट्या आणि सुरक्षेच्या नियमांसाठी होती, सर."

"करार तो करारच."

सकाळभर माझं कशात लक्ष लागेना. त्याचे दोन्ही करार शेजारी उघडून मी पुन्हापुन्हा वाचत होते. आमच्या करारात स्पष्ट होतं: नोकरी मूळ कंपनीचीच, ती अखंड चालू राहील, भारतीय कायदा लागू राहील, काम संपलं की कुटुंबासह परत आणू आणि त्याच दर्जाची जागा देऊ. तिकडच्या करारात आधीची नोकरी संपल्याचा एक शब्दही नव्हता. तरीही मला खात्री वाटेना. वाक्यावर वाद घालण्यात विभागप्रमुख माझ्यापेक्षा तरबेज होते.

दुपारी मी कंपनीच्या वकीलबाईंना फोन केला.

"कोणता कागद नंतरचा, एवढ्यावर ठरत नाही," त्या म्हणाल्या. "पगार कोण देतं? काढून टाकायचा अधिकार कुणाला आहे? जर्मनीतले कामाच्या तासांचे, किमान पगाराचे नियम त्याला तिथे असेपर्यंत लागू होतातच, कोणताही करार असो. त्याने मालक बदलत नाही. आणि त्याचा पीएफ कुठे भरला जातो?"

"इथेच. दर महिन्याला."

"मग तिकडच्या पेन्शनची कपात का होत नाही?"

उत्तर तिथेच होतं. भारत आणि जर्मनीमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे. आमच्या अर्जावर पीएफ ऑफिसने प्रमाणपत्र दिलं होतं की हा माणूस भारतीय कंपनीच्या नोकरीत आहे आणि तिनेच त्याला ठरावीक मुदतीसाठी तिकडे पाठवलं आहे. त्याच आधारावर तिथे पेन्शनची वर्गणी माफ होती.

मी पुन्हा त्या खोलीत गेले, या वेळी बसले.

"सर, तो आपला नसेल, तर त्या प्रमाणपत्रासाठी आपण पीएफ ऑफिसला खोटं सांगितलं असं होईल. जर्मनीची माफी जाईल, मागची वर्गणी ते मागतील. आपला असेल, तर त्याला आणायचं आहे. दोन्ही एकदम नाही म्हणता येणार."

त्यांनी कॉम्प्युटरवर रिकाम्या जागांची यादी उघडली.

"शहराबाहेर, होसकोटेच्या कारखान्यात एक जागा आहे," शेवटी म्हणाले. "दर्जा तोच. विचारा त्याला."

संध्याकाळी मी त्याला कळवलं. तो आनंदला नाही.

"होसकोटे," तो म्हणाला. पलीकडे बायकोचा काहीतरी विचारण्याचा आवाज आला. "आणि नको म्हटलं तर?"

"दर्जा तोच आहे, म्हणून नाकारणं अवघड आहे. नाकारायचं तर राजीनामा द्यावा लागेल. तिकडे दुसरी नोकरी बघितलीत, तर तो नवा मालक, नवा व्हिसा, पेन्शन तिकडची. आपल्याकडे परत यायचा हक्क मग राहणार नाही."

"डॉक्टर पुढच्या आठवड्यापर्यंतच प्रवासाचं पत्र देतायत. आज तिकिटं काढा. कारखान्याचं तिथे येऊन बघतो."

मी तिकिटं काढायला सांगितली. सामानाचा खर्चही कंपनीकडून मंजूर करून घेतला. विमान उतरल्याचा निरोप येईपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नाही.

परत आल्यावर तो नव्या जागेच्या कागदांवर सही करायला आमच्या ऑफिसात आला, तेव्हा त्याचं जुनं कार्ड दाराला चालेना. रखवालदार कानडी मिसळून "स्वल्प थांबा, सर", थोडं थांबा, असं म्हणाला आणि त्याला पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवून गेला. मी खाली आले तर तो बसलेला नव्हता, दारासमोर येरझाऱ्या घालत होता.

"इतकी वर्षं याच दारातून गेलो," तो म्हणाला. "हा माणूस मला नाव विचारतो."

मी माझं कार्ड लावलं आणि आम्ही दोघं आत गेलो.