थोरलीची पहिली धार

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि सहा गायींची धार दोन्ही वेळा माझ्याच हातानं काढत होतो. शाळा चौथीत सुटली. लिहिणं पुढे पिंपळाखालच्या पारावर शिकलो, तेवढंच. पण कासेला हात लावला की गाय पान्हा सोडते, हे कुणी शिकवलं नाही. माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यावर सुपारीएवढा घट्टा आहे. पाहुणा आला की मी तो दाखवत असे. अंगठा मुठीत मुडपायचा आणि सड त्याच्यावर दाबायचं, तशी आमच्याकडची धार. बादलीत पडली की घरात आवाज ऐकू यायचा.

आमचं गाव पारोळ्याच्या बाजूला. गावात दूध थंड करायची मोठी टाकी आली ती माझ्या भांडणामुळे. आधी ज्याच्या त्याच्या किटल्या उन्हात फिरायच्या. मी घरोघर फिरलो, लोकांना गोळा केलं आणि चीज करणाऱ्या एका डेअरीशी गावाचं जमवलं. चीजच्या दुधाला मान जास्त. फॅट चांगलं लागतं, पाणी चालत नाही, लबाडी चालत नाही. मला तेच पाहिजे होतं. सकाळी टाकीत पहिली किटली माझी पडायची. कुणी ठरवलं नव्हतं. लोक आपले बाजूला व्हायचे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता डेअरीची पोरगी स्कुटीवर आली. देवपूरची, दुधाचंच शिक्षण घेतलेली, आमच्या भागाची सुपरवायझर. मला आबा म्हणायची, मी तिला ताई म्हणायचो. ती म्हणाली, "गावच्या टाकीत पेशी वाढल्यात. या खेपेला भाव कापलाय. परत तसंच निघालं तर चीजसाठी तुमचं दूध उचलणार नाहीत."

पेशी म्हणजे काय, ते तिनं पारावरच सांगितलं. कासेत जंतू शिरला की गाय रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धाडते, आपल्या जखमेत पू होतो तशा. त्या दुधात उतरतात. डेअरीचं यंत्र त्या मोजतं. निरोगी कासेच्या दुधातही थोड्या असतातच. गाय नुकती व्यालेली असली किंवा आटत आली असली तर जराशा वाढतात. पण फार वाढल्या तर समजायचं, कुठलं तरी सड आतून दुखतंय.

मी विचारलं, "आमचं दूध उकळतात ना तिकडे? मरत नाही का सगळं?"

"जंतू मरतात, आबा. पण ज्या प्रथिनानं चीज बांधलं जातं, ते आधीच मोडून बसलेलं असतं. उकळून ते परत जोडलं जात नाही. तेवढ्याच दुधात चीज कमी बसतं, जास्तीचं पाण्याबरोबर निघून जातं. आणि ठेवलेलं चीज कडवट होतं. पिशवीतलं दूधही लवकर बिघडतं. म्हणून कापतात."

मला पटलं. आणि पटलं की मी थांबत नाही. त्याच संध्याकाळी लोकांना बोलावून मी सांगितलं, "प्रत्येकाच्या किटलीचा नमुना जाईल. ज्याचं दूध वाईट, त्याची किटली घरी. नमुना सुधरेपर्यंत टाकीत थेंब नाही. माझा सख्खा भाऊ असला तरी!"

माझ्या शेजाऱ्यानं हात वर केला. धार काढायचं यंत्र घेणारा गावातला पहिला माणूस तो. त्या यंत्राला मी 'खोटं वासरू' म्हणायचो. तो म्हणाला, "आबा, आनि तुमनंच निंघनं तर?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "तर मनी किटली मी सोता घर लई जासू."

नमुने गेले. निकाल घेऊन ताई आली ती सरळ माझ्या अंगणात. स्कुटी उभी केली आणि हेल्मेट हातात धरून नुसती उभी राहिली. तेव्हाच मला कळलं.

गावात सगळ्यात जास्त पेशी माझ्या दुधात.

"यंत्र बिघडलं असंल तुमचं," मी म्हणालो.

"दोनदा लावलं, आबा."

"मग किटली बदलली असंल कुणी."

"नमुना तुम्हीच माझ्या हातात दिला होता."

दिला होता खरा. बाटलीवर बूच घट्ट बसलंय का, तेही मीच बघितलं होतं.

सकाळी मी किटली घेऊन टाकीपाशी गेलो. आत ओतली नाही. सगळ्यांसमोर उचलली आणि परत निघालो. तेव्हा शेजारी मागून ओरडला, "आबा, तुमना दूधमा पेशी निंघन्यात म्हने! आमले वाटे पेशी फक्त कोर्टमा ऱ्हास." दोघं-तिघं हसले. पण एक जण पुढे आला आणि माझ्या किटलीला हात घालून म्हणाला, "ओता, आबा. टाकी तुमच्यामुळे आली. तुमची गोष्ट वेगळी."

"येगळी नही," मी म्हणालो. "नियम मीच करेल शे."

भरली किटली परत नेताना तिचं वजन वेगळंच लागतं. अंगणात पोचलो तर बायको दारात उभी. तिनं मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि दूध उकळायला ठेवलं. आमच्या घरात कधी नव्हे एवढं तूप त्या आठवड्यांत झालं.

मला टाकीचं दुःख नव्हतं. दुःख हाताचं होतं. जो हात मी पाहुण्यांना दाखवत होतो, त्याच हाताच्या दुधात घाण निघाली, असं गाव म्हणणार. गोठ्यात कुणी जेवायला बसलं असतं तरी चाललं असतं, असा माझा गोठा. ताईला मी म्हणालो, "ये आणि दाखव. कुठल्या गायीत आहे ते माझ्या डोळ्यांदेखत दाखव."

ती दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी आली. हातात चार वाट्यांची प्लास्टिकची थाळी आणि जांभळ्या पाण्याची बाटली. थाळी लहान पोराच्या खेळण्यासारखी. प्रत्येक सडाची पहिली धार बाजूला टाकायची, मग चार सडांचं थोडं थोडं दूध चार वाट्यांत, त्यात तेवढंच जांभळं पाणी, आणि थाळी गोल फिरवायची. दूध चांगलं असेल तर पाण्यासारखं फिरत राहतं. वाईट असेल तर घट्ट होतं.

पहिली थाळी थोरलीची. थोरली माझी सगळ्यात जुनी गाय; गोठ्यातल्या तीन तिच्याच पोटच्या. तीन वाट्यांत दूध फिरत राहिलं. चौथ्या वाटीत, मागच्या उजव्या सडाच्या दुधाची लापशी झाली. थाळी तिरपी केली तरी निघेना. मी त्या सडाला हात लावला. सूज नाही, गरम नाही, दुधात गाठ नाही. थोरलीनं पायसुद्धा हलवला नाही.

"वरून दिसत नाही, म्हणूनच राहून जातं," ताई म्हणाली.

बाकीच्या गायी झाल्या. थोरलीच्या दोन लेकींच्या एकेका सडाचं दूध जरा दाटलं, तिच्याएवढं नाही. मग तिनं मला धार काढायला सांगितलं आणि भिंतीला टेकून बघत उभी राहिली. माझा अंगठा मुडपला. बोटं कोरडी पडली तशी मी ती बादलीतल्या फेसात बुडवून ओली केली. आमच्याकडे सगळेच करतात.

"आबा, रोज पहिली धार कुणाची?"

"थोरलीची. पहिल्यांदा व्याली तेव्हापासून. मान तिचा."

"आणि मग?"

"मग तिच्या लेकींची. मग बाकी..."

 माझे ओले हात माझ्यासमोर होते. थोरलीच्या दुधानं ओले झालेले. तेच हात मी लेकीच्या सडाला लावणार होतो, आणि तिथून पुढच्या गायीला, रोज, दोन्ही वेळा.

गव्हाणीपाशी बायको आंबोण कालवत होती. तिला हसू आवरेना. "मान मान करीसन बठ्ठा गोठाले परसाद वाटी दिधा तुम्ही!"

ताई खाली बघत हसली. मला राग यायला पाहिजे होता. पण बायकोचं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्यावर रागवायचं नसतं, हे मीच घरात शिकवलेलं.

ताई म्हणाली, अंगठा मुडपला की सड आतून चिरडतं, जंतूला बसायला जागा होते. पूर्ण मूठ वापरा. हात कोरडे ठेवा, प्रत्येक गायीला वेगळं फडकं घ्या. धार झाली की सड औषधाच्या पाण्यात बुडवा. आंबोण धारेच्या वेळी घालता ते धार झाल्यावर घाला, म्हणजे गाय खात उभी राहील. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात ती ओल्या जागी बसली तर सगळं व्यर्थ. थोरलीला विकायचं का, असंही तिनं विचारलं. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिनं परत विचारलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरनं दूध तपासून थोरलीच्या सडात औषध सोडलं. औषध चालू होतं तोवर थोरलीचं दूध मी खड्ड्यात ओतलं. लेकी सुधारल्या. थोरलीचं ते सड मात्र सुधरेना; डॉक्टर म्हणाला, हे आटवून टाकू, तीन सडांवर राहील ती. मी म्हणालो, राहील.

अंगठा सरळ ठेवणं हेच जड गेलं. साठ वर्षांची मूठ ती, रोज आपली आपली मुडपायची. बायको गव्हाणीपासून ओरडायची, "आंगठा!" आणि मी सरळ करायचो. धारेचा आवाजही बदलला. सुरुवातीला परक्या माणसानं काढल्यासारखा यायचा.

मी ताईला रोज नमुना घ्यायला लावला नाही. गायी आतून बऱ्या होईपर्यंत थांबलो. किटली घरीच. वाटेत शेजारी भेटायचा, म्हणायचा, "आबा, खोटं वासरू दऊ का?" मी म्हणायचो, "त्याचं रबर बदललं का? त्यातूनही पेशी वाढतात, ताईला विचार." एकदा तो खरंच विचारायला गेला. रबर फाटलेलं निघालं.

मग नमुना दिला, आणि दिवाळीनंतर निकाल आला. फोनवर ताईनं आकडा सांगितला आणि म्हणाली, "आबा, गावात सगळ्यात कमी." मी म्हटलं, "दोनदा लावलं का यंत्र?" ती म्हणाली, "तीनदा. मला माहीत होतं, तुम्ही विचाराल." मी फोन बायकोला दिला आणि बाहेर गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हात धुतले, पुसून कोरडे केले आणि सगळ्यात धाकट्या गायीपासून सुरुवात केली. थोरली मान वळवून बघत होती. तिची धार आता रोजच्यासारखी शेवटी, तीन सडांची, अंगठा सरळ ठेवून काढली. मग तिच्यापुढे आंबोण ठेवलं, किटली उचलली आणि टाकीकडे गेलो. ताई तिथं आलेली होती. लोक बाजूला झाले. मी झाकण काढलं, नमुन्याची बाटली ताईच्या हातात दिली, आणि मग पहिली किटली टाकीत ओतली.