सरकणाऱ्या तारखा

टॉवेलच्या कारखान्यात प्लॅनिंगचं काम करणाऱ्या बाईकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे तिनं दिलेली तारीख. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांच्या वरच्या माळ्यावर माझं टेबल आहे. खाली माग चालू असले की टेबलावरचं पाणी थरथरतं, आणि कीबोर्डच्या फटींत सुताचा भुसा बसतो तो कितीही फुंकला तरी जात नाही. तिथं बसून मी सांगते, अमुक टॉवेल अमुक दिवशी निघणार. आणि तो निघतो. या बाबतीत मी गर्विष्ठ आहे, आधीच सांगून टाकते.

मालक घरी तेलुगू बोलतात, कामगारांशी तेलुगू, माझ्याशी मराठी आणि रागावले की निम्मं-निम्मं. त्यांची तारीख द्यायची पद्धत वेगळी होती. फोन आला की "परवा देतो" म्हणायचं, ठेवून द्यायचा, आणि मग जिना चढून मला विचारायचं, "परवा जमंल का?" आमची बहुतेक गिऱ्हाईकं म्हणजे गावातले किंवा ओळखीतले व्यापारी, त्यांनाही परवा म्हणजे पुढचा आठवडा हे ठाऊक होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग पुण्याची एक कंपनी आली. हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवणारी. त्यांचं एक मोठं हॉटेल उघडणार होतं आणि सगळे पांढरे टॉवेल आमच्याकडून जाणार होते. त्यांच्या खरेदीच्या बाई नेमक्या होत्या. त्यांना कोणता माल कधी निघणार याचं वेळापत्रक हवं होतं, आणि तेही पीडीएफ नको, एक्सेलच हवं, कारण तेच आकडे त्या आपल्या शीटमध्ये चिकटवणार होत्या. मालकांनी मला हाक मारली, "तुझी ती शीट पाठव की." मी पाठवली. त्याआधी ती शीट कारखान्याबाहेर कधी गेलीच नव्हती.

पंधरवड्याच्या आत त्या बाईंचा फोन आला. मालकांनी स्पीकरवर टाकला.

"तुम्ही तारखा सारख्या पुढे ढकलताय," त्या शांतपणे म्हणाल्या. "दर वेळी फाईल उघडते तेव्हा वेगळी तारीख. आणि कमाल म्हणजे मोबाईलवर एक दिसते आणि कॉम्प्युटरवर दुसरी. मला या तारखांवर विश्वास ठेवता येत नाही. सोमवारपर्यंत खरं काय ते सांगा, नाहीतर ऑर्डर मी दुसरीकडे देते."

फोन बंद झाल्यावर मालक माझ्याकडे वळले. मी तारखा बदलून पाठवते असंच त्यांना वाटलं. मी एकदाच पाठवली होती, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "उद्यापासून तारखा मी फोनवर सांगीन," ते म्हणाले. "तू नुसते आकडे भर."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. आकडे भरायला मी नातेपुत्याहून सोलापुरात आले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत वडिलांना फोन लावला. ते मेंढरं घेऊन माळावर होते, वाऱ्याचा आवाज येत होता.

"तारखा बदलल्या म्हणत्यात," मी म्हटलं.

"तू बदलल्यास व्हय?"

"न्हाय."

"मग कुणी बदलल्या ते हुडक की. रडतीस कशाला?"

एक्सेल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता. मी डबा बंद केला आणि वर गेले.

बाईंचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं. मोबाईलवर एक आणि कॉम्प्युटरवर दुसरी. फाईल तर एकच. मी पाठवलेल्या मेलमधली तीच फाईल आधी फोनवर नुसती पाहिली. मी पाठवली त्या दिवशीच्याच तारखा होत्या, जशाच्या तशा. मग तीच फाईल कॉम्प्युटरवर उतरवली. वर पिवळी पट्टी आली, एडिटिंग चालू करायचं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळा तारखांचा रकाना पुढे सरकला. मी कशालाही हात लावला नव्हता. तारखेच्या खान्यावर क्लिक केलं आणि वरच्या फॉर्म्युल्याच्या पट्टीत पाहिलं, तेव्हा लख्ख प्रकाश पडला.

आमची तारीख अशी निघते. किती टॉवेल विणायचे राहिले, त्याला रोजच्या उत्पादनानं भागायचं, म्हणजे किती दिवस लागतील ते कळतं. त्यात धुलाई, शिलाई, पॅकिंगचे ठरलेले दिवस मिळवायचे, आणि ते सगळे आजच्या तारखेत मिळवायचे. आजची तारीख कॉम्प्युटर स्वतः घालतो, त्यासाठी फॉर्म्युल्यात TODAY लिहिलेलं असतं. आमच्याकडे मी रोज सकाळी कालचं उत्पादन भरते. आज एक दिवसानं पुढे जातो, पण राहिलेलं कामही एक दिवसानं कमी होतं, त्यामुळे निघायची तारीख जागची हलत नाही. म्हणून इतकी वर्षं कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पुण्याला गेलेल्या प्रतीत मात्र उत्पादन कोण भरणार? तिथं राहिलेलं काम होतं तेवढंच राहिलं आणि आज मात्र रोज पुढे चालला. बाई जितक्या उशिरा फाईल उघडतील तितक्या तारखा पुढे. फोनवरच्या झलकेत काही मोजलं जात नाही, शेवटची साठवलेली तारीख दिसते, म्हणून तिथं जुनीच. कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. मी एकटीच बसून मोठ्यानं हसले, खालचा मागवाला वर बघायला लागला.

उपाय सोपा होता, पण त्याची एक रीत आहे. पहिल्यांदा शीटची वेगळ्या नावानं दुसरी प्रत केली. मूळ शीटला हात लावायचा नाही, तिथले फॉर्म्युले मेले तर उद्या सकाळी मी काय भरणार? मग त्या प्रतीतलं सगळं निवडलं, कॉपी केलं, आणि पेस्ट स्पेशलमध्ये जाऊन फक्त व्हॅल्यूज चिकटवल्या. पहिल्या खेपेला मी त्या एका कोऱ्या शीटमध्ये चिकटवल्या, तर तारखांच्या जागी पाच आकडी संख्या आल्या, कारण कॉम्प्युटरच्या पोटात तारीख म्हणजे एक आकडाच असतो. परत केलं, या वेळी त्याच खान्यांवर, तेव्हा तारखा तारखांसारख्या दिसल्या. मग त्याच फाईलमधली, मागांची माहिती असलेली दुसरी शीट काढून टाकली. हे शेवटी करायचं. आधी काढली असती तर तिच्यावर विसंबलेल्या खान्यांत नुसत्या चुकीच्या खुणा उभ्या राहिल्या असत्या, आणि ती ठेवली असती तर कुठल्या मागावर कुणाचा माल चाललाय हे पुण्यात बसून वाचता आलं असतं. वरती कधी बनवली ती तारीख मी हातानं टाईप केली. एकेका खान्यावर क्लिक करून पाहिलं, फॉर्म्युल्याच्या सुरुवातीला असतं ते '=' चिन्ह पट्टीत कुठंच नव्हतं.

मालकांना न विचारता मी ती प्रत मेल केली आणि बाईंना फोन लावला. त्यांना जुनी फाईल उघडायला सांगितली, तारखेच्या खान्यावर क्लिक करायला सांगितलं, आणि पट्टीत काय दिसतंय ते वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीच रोज उघडून तारखा ढकलत होते."

"तुम्ही नाही, फाईल. आता पाठवलीय ती ढकलणार नाही."

"आणि तुमचंच काही मागं पडलं तर?"

"तर मी नवी प्रत पाठवीन, वर नवी तारीख आणि खाली कारण लिहून. आधीची तुमच्याकडं तशीच राहील. कधीही माझ्यासमोर धरा."

त्या म्हणाल्या, ठीक आहे, ऑर्डर आहे तिथंच राहू दे, पहिली गाडी बघते. मी फोन ठेवला आणि खुर्चीतच एक गिरकी घेतली.

मालकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले नाहीत. "बांधून घेतलंस की गं," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. आता पुण्याच्या त्या कॉम्प्युटरमध्ये आमची तारीख न हलता बसलेली होती, आणि "परवा देतो" म्हणायची सोय गेली होती.

ते लगेचच दिसून आलं. त्यांच्या जुन्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे लग्नसराईचा माल अडला होता, त्याला दोन दिवस आमचे माग हवे होते. मालक जिना चढून आले आणि नेहमीसारखं विचारलं, "दोन दिवस. जमंल का?"

मी मूळ शीटमध्ये लागणाऱ्या दिवसांत दोन दिवस जास्तीचे मिळवून दाखवले. सगळ्या तारखा दोन दिवस पुढे गेल्या. मग शेजारी पुण्याला पाठवलेली प्रत उघडली. तिथं त्या जागच्या जागी होत्या.

"द्यायचे असतील तर द्या," मी म्हटलं. "पण मग मला बाईंना नवी प्रत पाठवावी लागंल, आणि खाली कारण लिहावं लागंल. काय लिहू?"

त्यांनी दोन्ही शीटमधल्या तारखा ताडून पाहिल्या. कारखाना त्यांचा होता, आणि ते व्यापाऱ्याला हो म्हणाले असते तर मी काहीही करू शकले नसते. मग तिथंच उभं राहून त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. तेलुगूत बोलले, मला सगळं कळलं नाही. नाही म्हटल्याचं तेवढं कळलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून फोनवर नाही हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

पहिली गाडी शीटवरच्या दिवशी निघाली. दुसरीही. तिसरीच्या वेळी एक माग बंद पडला, तेव्हा मी ठरल्याप्रमाणे नवी प्रत पाठवली, कारण लिहिलं, आणि बाईंनी "मिळाली" एवढंच उत्तर दिलं. शेवटची गाडी गेली त्या दिवशी मी मागवाल्यांसाठी भजी मागवली, माझ्या पैशानं.

काही दिवसांनी मालकांच्या केबिनमध्ये मी सह्या घ्यायला गेले होते तेव्हा बाईंचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर टाकला. आणखी दोन हॉटेलं होती, ऑर्डर आधीच्यापेक्षा मोठी. "कधीपर्यंत जमेल?" त्यांनी मालकांना विचारलं. मी वाट पाहत होते, आता "परवा" येणार म्हणून. मालकांनी फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"तारीख आमच्याकडं ह्या देतात," ते म्हणाले. "मला बी ह्यांनाच विचारावं लागतंय."

मी किती नग ते विचारलं, वर जाऊन शीटमध्ये भरले, आणि खाली येऊन तारीख सांगितली. बाईंनी ती लिहून घेतली. नक्की ना, असं विचारलं नाही.