दमलेलं पोर झोपत नाही

वरश्यात राहणाऱ्या हर्षदला कंपनीची बस संध्याकाळी पावणेआठला नाक्यावर सोडायची. पुढचे दोन तास त्याच्या दोन वर्षांच्या मुलीचे, पूजाचे. तो तिला छताकडे उडवायचा, दाराआडून झेप घ्यायचा. त्याची आई बायजा सांगायची, "दमव तिला. राबलेलं माणूस पाठ टेकली की झोपतं."

पूजा झोपायची नाही. दहापर्यंत डोळे चोळत हसायची, भिंतीवर आपटायची, मग रडत पडायची. आणि सव्वा तासाने अंथरुणात ताठ बसून किंचाळायची. डोळे उघडे, पण त्यांत ती नसायची. हर्षदने उचललं की त्याच्या छातीवर लाथा. सकाळी तिला काही आठवत नसे.

"कोणाची तरी नजर हाय," बायजा म्हणाली.

हर्षदला वाटलं, पोर आपल्यालाच भितं. ती भीती जावी म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने तिला अर्धा तास जास्त खेळवलं. त्या रात्री ती दोनदा किंचाळली.

सुट्टीच्या दिवशी बायको वैशाली त्याला अंगणवाडीत घेऊन गेली. सगळं ऐकून सेविका पुतळीताईंनी आधी विचारलं, "हातपाय झटकते का? निळी पडते?"

"नाय."

"तसं झालं तर लगेच दवाखाना. हे किंचाळणं थांबलं नाय तरी दाखवा. नाचवता कधी?"

"आठला. कामावरून आल्यावर."

"आणि झोपते दहाला. अहो, मोठं माणूस दमलं की पडतं, पोर दमलं की चढतं, चेकाळतं. उशिरा झोपलेलं, अति दमलेलं पोर असं अर्ध्या झोपेत उठतं."

"म्हणजे खेळवायचंच नाय?"

"भरपूर खेळवा, त्यानं झोप चांगलीच लागते. पण दिवेलागणीच्या आत. झोपायच्या दीड-दोन तास आधी थांबायचं. मग आंघोळ, जेवण, मंद दिवा, गोष्ट. आणि किंचाळली तर उचलू नका, जागं करू नका. पडू नये एवढं बघा."

हर्षदने कंपनीतल्या जगनशी पाळी बदलून आठवडाभर सकाळची शिफ्ट घेतली. पाचपासून पूजा मोकळ्या प्लॉटवर त्याच्यामागे धावली. दिवे लागले तसा तो थांबला. ती त्याचा शर्ट ओढत राहिली. "बाबा, उड." त्याने तिला मांडीवर घेऊन बोटं मोजली. ती रडली. आपल्याशी हिचं जे एक नातं होतं तेही गेलं, असं त्याला वाटलं.

साडेआठला ती झोपली.

पावणेदहाला तिचा श्वास बदलला. पाय हलला. पापण्या अर्ध्या उघडल्या, आत पांढरं दिसलं. हर्षदचे हात पुढे गेले. त्याने ते गुडघ्यांखाली दाबून धरले. तिने ओठ हलवले, कण्हली, आणि कूस बदलून त्याच्याकडे पाठ केली.

अकरा वाजले. काही झालं नाही.

"झोपा आता," वैशाली कुजबुजली. "का तुम्हालापण उडवू?"

तो हसला नाही. उद्याची रात्र अजून यायची होती, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पावणेआठची बस. तो पूजाच्या पाठीकडे बघत बसून राहिला.