ज्वारी, तूर आणि मोहरीचा कार्बन

"मॅडम, हे आठवीतच झालंय," असं नववीचा अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, आणि माझं डोकं तिथंच तापलं. झालंय ना? मग सांगा, अणूत काय काय असतं? मागून एकीनं हळूच "धूळ" म्हटलं. काय बोलावं?

दुसरा कुठला आठवडा असता तर हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या हेडसरांच्या मनात आलं होतं की नायगावच्या पोरांना लातूरच्या क्लासमधले एक सर आणून नववीचं विज्ञान शिकवायचं. ते मोठ्या पडद्यावर शिकवतात म्हणे. माझ्याकडं राहणार होती पाचवी आणि चित्रकला. "शुक्रवारी तुमचा तास बघतो, मग काय ते ठरवू," हेडसर म्हणाले. चौदा वर्षं घसा कोरडा केला त्याचं हे फळ! नववी माझी होती, मला ती सोडायची नव्हती.

म्हणून पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापल्या आणि लहान वर, मोठी खाली अशा एकावर एक चिकटवल्या. वरची केंद्रक, मधली पहिलं कवच, खालची दुसरं कवच. ज्वारीचा दाणा म्हणजे प्रोटॉन, तुरीची डाळ म्हणजे न्यूट्रॉन, मोहरी म्हणजे इलेक्ट्रॉन. आणि फळ्यावर तक्ता काढला. कार्बन-१२ ला प्रोटॉन सहा, न्यूट्रॉन सहा, इलेक्ट्रॉन सहा. कार्बन-१३ ला न्यूट्रॉन सात, कार्बन-१४ ला आठ. बाकीचे दोन्ही रकाने तिन्हींना सहाच. वस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. बघा, एकच रकाना बदलतोय, हीच समस्थानिकं! यापेक्षा सोपं काय असतं?

गटागटानं मॉडेलं करायला दिली. कार्बन-१४ करणाऱ्या गटातली एक पोरगी शेतातून थेट शाळेत यायची, पायाला चिखल तसाच. बघते तर हिनं खालच्या चकतीवर दोन मोहऱ्या जास्त लावलेल्या! पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात चारच्या जागी सहा.

"हे काय करून ठेवलंस?"

"मॅडम, आत दोन वाढले की. घरात पाव्हणे वाढले तर ओसरीवर पंगत वाढवायची न्हाई का?"

"अगं, न्यूट्रॉनला प्रभारच नाही! इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या हिशोबानं बसतात. पाव्हणे जेवून आलेत, त्यांना पान लागत नाही!"

"जेवून आलेत तरी विचारावं लागतंय," ती म्हणाली. देवा! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी इतकी चिडले की तक्त्यातला इलेक्ट्रॉनचा रकाना तिच्याकडून सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचून घेतला. सहा, सहा, सहा. ती मान खाली घालून बसली, आणि मला घरी गेल्यावर भाकरी गोड लागली नाही.

शुक्रवारी हेडसर आले. तास नीट चालला होता, तर सरांनी कार्बन-१४ चं मॉडेल उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि दोन डाळी टपकन खाली पडल्या. डिंक शाळेचाच, दुसरं काय होणार!

"मोडलं की हो मॅडम," सर म्हणाले. "आता कशाचा कार्बन हा?"

आता गेली नववी!

तेवढ्यात चिखलाच्या पायांची ती उभी राहिली. "मोडलं न्हाई सर. दोन न्यूट्रॉन गेले, कार्बन-१२ झाला. कार्बनच हाय."

"असं कसं? वजन कमी झालं ना?"

"हाव, वजन कमी झालं. पण आत ज्वारी सहाच हाय, भाइर मोहरीबी सहाच हाय." मग माझ्याकडं तिरकं बघत म्हणाली, "पाव्हणे गेले तर घर बदलत न्हाई. ज्वारीचा एक दाणा पडला असता तर मातर बोरॉन झाला असता. अन् भाइर मोहरी एक जास्ती राहिली असती, म्हंजे ऋण प्रभार."

मी घाईनं सांगितलं, खऱ्या अणूतले न्यूट्रॉन असे डिंकावाचून गळत नाहीत, हं. कुणी ऐकलंच नाही. सर खाली वाकून डाळी शोधत होते.

दारात थांबून ते म्हणाले, "नववी तुमच्याकडंच राहू द्या. पण जरा चांगला डिंक आणा."

सर गेले तशी ती पोरगी टेबलाजवळ आली आणि हातातल्या दोन मोहऱ्या माझ्यापुढं ठेवल्या. "परवाच्या हायेत मॅडम. काढून ठेवल्या होत्या, तुम्ही लई चिडल्या होत्या म्हणून."

मी त्या मोहऱ्या रुमालात बांधून घेतल्या.