वाचू का आयकू?

महागावच्या तालुका आरोग्य कार्यालयात मी आशाताईंना प्रशिक्षण द्यायला लागले, तेव्हा मला माझ्या स्लाइडचा फार अभिमान होता. नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी कशी करायची, हा विषय. एक्केचाळीस स्लाइड मी स्वतः बनवल्या होत्या. प्रत्येकीला हिरवी वेलबुट्टीची किनार, कोपऱ्यात गुलाब, आणि खाली एक पाळणा, जो सतत झुलायचा. त्यात बाळ टाळ्या वाजवायचं. मागे बासरी वाजत असायची. पुस्तिकेतली वाक्यं जशीच्या तशी पडद्यावर उतरवली होती, आणि मी ती एकेक करून मोठ्याने वाचायची. एकही शब्द सुटू द्यायचा नाही, अशी माझी शिस्त.

त्या तुकडीत एक वयाने मोठ्या आशाताई होत्या. पुसदच्या वाटेवरच्या एका गावच्या. केस पिकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डबे उघडून बसल्या होत्या, तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या.

"मॅडम, एक इचारू? राग त नाही येणार?"

"विचारा ना ताई."

"तुम्ही बोलून राह्यल्या, अन् तेच तिथं लिवलेलं बी हाय. मंग म्या वाचू का आयकू? म्या अर्धी ओळ वाचतो तवर तुम्ही पुढं जाता. तुमचं आयकाले गेली त वाचणं सुटते. दोन्ही धरू म्हणलं, अन् दोन्ही गेलं."

मी हसले, पण आतून चिडले होते. दोन रात्री जागून केलेलं काम. "सवय होईल ताई," असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजळणी घ्यायची म्हणून मी सगळ्यांना विचारलं, "काल काय काय लक्षात राहिलं?"

एकजण म्हणाली, "झुल्यातलं बाळ." दुसरी म्हणाली, "बासरी मस्त होती." सगळ्या हसल्या. मग मी विचारलं, दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला किती श्वास घेतं तेव्हा धोक्याचं समजायचं? खोलीत चाळीस बाया होत्या. कुणी चाळीस म्हणालं, कुणी शंभर. बाकीच्या वहीची पानं उलटत बसल्या. साठ हा आकडा काल पडद्यावर होता आणि मी तो मोठ्याने वाचलाही होता. पण तो पाच ओळींच्या मधोमध होता, आणि शेजारी पाळणा झुलत होता.

मी चहाची सुट्टी लवकर दिली आणि यवतमाळच्या एका सरांना फोन लावला. ते प्रशिक्षकांना शिकवायचे आणि आमच्यासाठी छोटे व्हिडिओ तयार करायचे. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत.

"तुमच्या ताई बरोबर बोलल्या," ते म्हणाले. "तेच शब्द डोळ्याने वाचायचे आणि कानाने ऐकायचे, दोन्ही एकाच वेळी, अन् दोन्हीचा वेग वेगळा. माणूस त्यांचा मेळ घालण्यातच दमतो. चित्राकडे बघायला डोळे उरतच नाहीत. पडद्यावर चित्र ठेवा, सांगायचं ते तोंडाने सांगा. अन् तो गुलाब काहून ठेवला?"

"छान दिसावं म्हणून."

"श्वास मोजायला त्याची मदत होते का? नाही ना? मग काढून टाका."

माझ्या मोबाइलमध्ये दोन लहान व्हिडिओ होते. आरोग्य केंद्रात, बाळांच्या आईंना विचारून घेतलेले. एका बाळाचा श्वास नेहमीसारखा चालला होता. दुसऱ्याचा फार जलद होता, आणि दर श्वासाला त्याच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता. ते बाळ पुढे बरं झालं होतं. इतके दिवस मी ते दाखवलेच नव्हते, कारण स्लाइडमध्ये त्यांना जागा नव्हती.

सुट्टी संपली तेव्हा पडद्यावर ना किनार होती, ना बासरी. मी व्हिडिओचा आवाज बंद केला आणि पहिलं बाळ दाखवलं. मग दुसरं. जिथे छाती आत जात होती, नेमका तिथेच मी एक बाण लावला होता. व्हिडिओ थांबवून मी म्हणाले, "बाणाकडे बघा. बाळ श्वास आत घेतं तेव्हा इथं काय होतं?"

"खड्डा पडून राह्यला," मागून कुणीतरी म्हणालं.

पुढचा भाग त्यानंतरच सुरू केला. बाळ शांत असताना, रडत नसताना, दूध पीत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजायचं. घड्याळ लावून सगळ्यांनी मिळून मोजलं. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचं. दुसऱ्यांदाही साठ किंवा जास्त आले तर दवाखान्यात पाठवायचं. पडद्यावर फक्त एक आकडा ठेवला होता, साठ.

मी जरा जास्तच पुसून टाकलं होतं, हेही त्याच दुपारी कळलं. बंजारा तांड्यावरची एक आशाताई, घरी गोरबोली बोलणारी, म्हणाली, "मॅडम, तुम्ही बरगडी म्हणलं, तो शब्द दिसू द्या ना एकदा. नवीन हाय मले." तिचं खरं होतं. मी चित्रातच, बरगडीला लागून, तो एक शब्द लिहिला. तेव्हापासून नवा शब्द आला की तो चित्राच्या शेजारी लिहिते. अख्खं वाक्य कधी लिहीत नाही.

संध्याकाळी पुन्हा विचारलं तेव्हा साठ सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. त्या मोठ्या ताई चष्मा पुसत बसल्या होत्या. जाताना मी ते दोन्ही व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवले.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी त्या मोठ्या ताईंचा फोन आला. आवाज धापा टाकल्यासारखा.

"मॅडम, बारा दिवसाचं पोरगं हाय. म्या दोनदा मोजलं. पयले अडुसष्ट, मंग सहासष्ट. छाती बी आत जाते. सासू म्हणते, सर्दी हाय, शेक देतो."

"गाडी बोलावली?"

"हो, निंगाली. सासूले तुमचा व्हिडिओ दाखवला, अन् मंग पोराचा सदरा वर केला. म्हणलं, दोन्ही पाह्य. तिनं मोबाइल पाह्यला, पोरगं पाह्यलं, अन् लगेच टोपडं बांधाले लागली."

बाळाला न्यूमोनिया झाला होता. त्याला यवतमाळला न्यावं लागलं. नऊ दिवसांनी ते घरी आलं. मी त्या गावी गेले तेव्हा आईने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. बाळ झोपलेलं होतं. मी सवयीने मोजायला लागले, आणि मोजता मोजता माझे डोळे भरून आले.

त्या ताई ओसरीवर बसल्या होत्या. मी म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुम्ही बोलल्या नसत्या तर मी आजही वाचतच राहिले असते. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"काई बी काय म्हणता मॅडम," त्या लाजून म्हणाल्या. "मले समजलं नव्हतं, म्हणून इचारलं."

माझ्यासमोर त्याआधीही कितीतरी बाया न समजता गप्प बसल्या असतील. त्यांच्यातल्या एकीने धीर करून विचारलं, आणि मी चिडले असूनही दुसऱ्या दिवशी मला ते ऐकू आलं, याचं मला अजून बरं वाटतं. आता नवीन काही तयार केलं की आधी त्या ताईंना दाखवते. परवाच अतिसाराचा व्हिडिओ दाखवला. साखर-मिठाचं पाणी कसं बनवायचं ते सांगताना मी मागे एक सुंदर झरा टाकला होता.

त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "पाणी उकळून घ्याचं, का या झऱ्याचं?"

मी तिथेच बसून झरा काढून टाकला.