दुसऱ्या बारीचा नावाडी

आमचा फिरोज एका जागी बसंल तर शपथ! अंबाजोगाईत गाड्या दुरुस्त करतो. गिऱ्हाईक बोलायलाच लागलेलं असतं, याच्या हातात पाना. मी त्याची थोरली बहीण समिना, मलाच त्याला बोलावं लागतं. या घाईपायीच त्याची बायको शाईस्ता धर्मापुरीला माहेरी जाऊन बसली. हा आणायला गेलता, तर दारात गाडी चालूच, अन् नुसतं "चल, चल." आली न्हाई. मग तिच्या अब्बांनी, चाँदमामूंनी, निरोप धाडला: शुक्रवारी ये, ही शेवटची बारी.

शुक्रवारपर्यंत याला दम कुठला? गेम घेऊन बसला. एकदा संपवलेला, त्यात शेवटी नावेचा दोर तुटून नावाडी बुडतो. संपल्यावर 'न्यू गेम प्लस' उघडलं म्हणे.

"आपा, गोष्ट परत पयल्यापासून. पण माझी ताकद, तलवार, शिकलेले डाव सगळं सोबत येतं. किल्ल्या तेवढ्या परत शोधायच्या. अन् दुश्मनबी तगडे झालेत."

"मग फायदा काय?"

"नावाडी वाचवतो की!"

सपासप कापत सुटला. मी शिलाई मारता मारता बघत व्हते. नदी आली. दोर तुटला. नावाडी परत बुडाला. त्यानं रिमोट आपटला. "एवढी ताकद नेली, तरी तेच!"

माझं डोकंच फिरलं. "अरे मुडद्या, सुरुवातीला नावाडी काय म्हणत व्हता? तू बटण दाबून पुढं पळालास."

"ते बघितलेलं हाय, आपा."

"न्हाई! पयल्या बारीला तो नुसता 'नावेत बस' म्हणलता, तूच वाचून दाखवलं व्हतंस. आता त्यानं लई लांबण लावली व्हती."

कुरकुरत त्यानं सुरुवातीचा सेव्ह उघडला. बटणावरचं बोट उचललं. नावाडी म्हणाला, तुला कुठंतरी बघितलंय. खाली नवीन पर्याय आला, पयल्या खेळात नसलेला: ऐकून घे. ते निवडलं तर नावाडी सांगायला लागला, दोर आतून कुजलाय, बदलायला कुणी न्हाई. यानं दोर बदलला. नदीवर नाव तरली, अन् पल्याड नवंच गाव निघालं. शेवटच बदलला. त्यासाठी तलवार उपसावीच लागली न्हाई.

फिरोजनं रिमोट हळूच खाली ठेवला. असं हळू काही करताना मी त्याला कधी बघितलं न्हाई.

शुक्रवारी मीबी संग गेले. दारात त्यानं गाडी बंद केली, चावी माझ्या हातात दिली अन् ओट्यावर बसला. "शाईस्ता, बोल. मी बसलोय."

तिनं आधी बंद गाडीकडं बघितलं. मग म्हणाली, "मला नर्सिंग शिकायचंय. अंबाजोगाईतच. फॉर्म भरलाय. घर सोडायचं नव्हतं मला, तेवढंच सांगायचं व्हतं."

"मग तवाच कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "गाडी चालू व्हती."